सलग फेरी की तुटक शॉट? न बांधलेल्या इमारतीचा वॉकथ्रू ठरवताना

जमीन अजून खणलेलीही नसते आणि सेल्स ऑफिसात गिऱ्हाइकाला घर दाखवायचं असतं. त्यासाठी दीड मिनिटाचा वॉकथ्रू, म्हणजे संगणकावर बनवलेली घरभर फिरवणारी चित्रफीत, करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो: कॅमेरा गेटपासून बाल्कनीपर्यंत एका दमात न्यायचा, की चार-सहा सेकंदांचे वेगवेगळे शॉट जोडायचे? उदाहरणाला पुण्यातल्या एका इमारतीचा सातव्या मजल्यावरचा टू बीएचके घेऊ.

सलग फेरीचा मोठा फायदा म्हणजे घराची रचना आपोआप कळते. दारातून आत आलं की हॉल, डावीकडे किचन, पॅसेजच्या टोकाला बेडरूम; बघणाऱ्याला प्लॅन वाचता येत नसला तरी चालतं. अडचण वेळेची आहे. गेटपासून लिफ्टपर्यंत 40 मीटर धरले आणि कॅमेरा सेकंदाला 0.8 मीटर चालवला, तर तिथेच 50 सेकंद गेले, आणि दिसलं काय तर पार्किंग. घरातला 25 मीटरचा मार्ग सेकंदाला 0.5 मीटरने केला की आणखी 50 सेकंद. वेग वाढवून वेळ वाचवायला जाल तर वळणावर चित्र झटके खातं. 90 अंशांच्या वळणाला किमान तीन सेकंद द्यावेच लागतात. टॉयलेटची गत तर विचारूच नका: पाच बाय आठ फुटांत कॅमेरा आत जातो, पण वळून बाहेर यायला जागाच नसते.

तुटक शॉटांत हा सगळा मधला रस्ता गाळता येतो, पण मग कुठली खोली कुठे हे बघणारा विसरतो. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला छत काढलेल्या फ्लॅटचा वरून सात-आठ सेकंदांचा शॉट, आणि पुढे प्रत्येक शॉटच्या शेवटी पुढच्या खोलीचं दार दिसेल अशी चौकट. किचनच्या शॉटमध्ये मागे हॉलमधला सोफा दिसला की माणूस मनात जोडणी करून घेतो.

खरा फरक पडतो तो बदल आल्यावर, आणि बदल येतोच. सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे फ्रेम, धरल्या तर 90 सेकंदांना 2250 फ्रेम. एक फ्रेम संगणकावर तयार व्हायला सहा मिनिटं लागली तर 225 तास, पाच मशिनवर 45 तास. आता बिल्डरने किचनच्या टाइल बदलल्या. तुटक पद्धतीत किचन दोन शॉटांत, मिळून 12 सेकंद दिसतं: 300 फ्रेम, पाच मशिनवर सहा तास. सलग फेरीत तेच किचन हॉलमधूनही डोकावतं; 45 सेकंद दिसत असेल तर 1125 फ्रेम, म्हणजे साडेबावीस तास. शिवाय जिथे नव्या फ्रेम जुन्यांना जोडल्या जातात तिथे उजेडात फरक पडला तर भिंत क्षणभर लुकलुकते. रिअल टाइम इंजिनात, म्हणजे व्हिडिओ गेमसारखं चित्र जागच्या जागी काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्रेम काही सेकंदांत निघते, त्यामुळे तिथे सलग फेरी एवढी महाग पडत नाही; मात्र आरशांतली आणि काचांतली प्रतिबिंबं आधी तपासून घ्या.

म्हणून आमचा कौल तुटक शॉटांना, एक अपवाद ठेवून: मुख्य दारातून हॉलमार्गे बाल्कनीपर्यंतचा 15 सेकंदांचा तुकडा सलगच करावा. घर मनात बसतं ते इथेच. कुठलीही पद्धत घ्या, आधी रंग-मटेरियल न लावलेली करडी आवृत्ती पूर्ण वेळेची बनवून तिच्यावर मंजुरी घ्या. कॅमेऱ्याचा मार्ग त्यानंतर बदलायचा नाही.

आता फसवणुकीबद्दल, कारण मोह होतोच. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, दीड-एक मीटरवर ठेवा आणि लेन्स 24 मिमीच्या आसपास. 18 मिमीला दहा बाय अकराची बेडरूम दिवाणखान्यासारखी दिसते. दुसरी चलाखी पलंगात असते. सहा फुटी पलंग दहा फुटी भिंतीला लावला की दोन्ही बाजूंना दोनच फूट उरतात; मॉडेलमध्ये पाच फुटी ठेवला की खोली ऐसपैस. सूर्यसुद्धा नीट मांडा. पुण्यात डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, मग चित्रात हिवाळ्याची सकाळ दाखवून तिथे कवडसा पाडू नका.

परिसराचं तेच. बाल्कनीबाहेर इंटरनेटवरचा डोंगर चिकटवण्यापेक्षा प्लॉटवर सातव्या मजल्याच्या उंचीला, साधारण 21 ते 25 मीटरवर, ड्रोनने सगळीकडचे फोटो घ्या. लोहगावच्या बाजूला विमानतळामुळे निर्बंध आहेत, तेव्हा ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर तिथे कायमची बाग रंगवू नका. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते. आणि वॉकथ्रू ही जाहिरातच आहे. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड चित्रफितीत घालताना शेवटच्या अर्ध्या सेकंदात उरकू नका, मोबाइलने स्कॅन होईल इतका वेळ, निदान पाच सेकंद, स्थिर ठेवा.