दुकानांचे रिटर्न की टॅलीची संध्याकाळची बॅच? नोकरी करणाऱ्या अकाउंटंटसाठी

कंपनीत अकाउंट्स सांभाळणाऱ्या माणसाला बाहेरचं काम शोधायला फार फिरावं लागत नाही. सोसायटीतला किराणावाला विचारतो, "आमचं जीएसटी बघाल का?" क्लासवाला विचारतो, "संध्याकाळी टॅली शिकवाल का?" मी पिंपरीतल्या एका कंपनीत नोकरी करत ही दोन्ही कामं केली आहेत. लोक यात तासाला किती सुटतात ते आधी बघतात. मी आधी बघतो की काम महिन्याच्या कोणत्या तारखांना अंगावर येतं, कारण नोकरीला धक्का तिथेच बसतो.

दर महिन्याचे रिटर्न घेतले तर काय होतं ते बघू. GSTR-1 ची मुदत ११ तारखेला आणि GSTR-3B ची २० तारखेला. खरेदीवरच्या क्रेडिटचा GSTR-2B चौदा तारखेला तयार होतो, म्हणजे दुकानदाराची बिलं त्याच्याशी जुळवायला १४ ते २० एवढेच दिवस हातात. तुमच्या कंपनीचंही हेच वेळापत्रक असतं. ७ तारखेला टीडीएस, १५ तारखेला पीएफ आणि ईएसआयसी, २० तारखेला तोच 3B. पाच दुकानं घेतली आणि प्रत्येकाला महिन्याला तीन तास धरले, तर पंधरा तासांतले बहुतेक त्याच आठवड्यात पडतात. त्यात दुकानदार बिलांचे फोटो १८ तारखेला रात्री पाठवतो. २० तारखेला पोर्टल रेंगाळतं, ओटीपी दुकानदाराच्या मोबाइलवर जातो, आणि भर दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून "शेठ, नंबर सांगा" म्हणावं लागतं. हे दोन महिने सलग घडलं की शेजारच्या टेबलाला कळतं, आणि तिथून साहेबांना.

मला याच कामाचा दुसरा प्रकार जास्त पटतो. ज्याची वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे त्याला क्यूआरएमपी योजना घेता येते. मग रिटर्न तीन महिन्यांतून एकदाच. GSTR-1 तिमाहीनंतरच्या १३ तारखेला आणि महाराष्ट्रात 3B २२ तारखेला. मधल्या दोन महिन्यांत कर २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा. आधीचं रिटर्नही तिमाही असेल, तर त्यात रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्क्यांचं चलन पोर्टल तयारच देतं, त्याला पाव तास पुरतो. मात्र गिऱ्हाईक निवडून घ्या. थेट ग्राहकाला विकणारं दुकान बरं. व्यापाऱ्यांना माल देणारं दुकान असेल, तर त्या व्यापाऱ्यांना दर महिन्याला क्रेडिट हवं असतं. मग दर १३ तारखेला त्यांची बिलं चढवायची पाळी येते आणि योजनेचा अर्धा फायदा जातो. योजना हवी तेव्हा घेता येत नाही, हेही दुकानदाराला आधी सांगा. एप्रिल ते जून तिमाहीसाठी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळातच पर्याय निवडता येतो.

आता बॅच. आठवड्यातून तीन दिवस, सात ते नऊ, तीन महिने. इथे तारखेची टांगती तलवार नसते. वेळ ठरलेली, नऊ वाजता फळा पुसला की काम संपलं. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सुधारून सांगता येते. रिटर्न चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागतं, आणि दुकानदार पहिला फोन तुम्हालाच करतो. पण बॅचमधली गैरहजेरी लपत नाही. मंथ-एंडला साडेसातपर्यंत थांबवणारं ऑफिस असेल, तर वीस मुलं फळ्याकडे बघत बसतील. अशा ऑफिसात असाल तर शनिवार-रविवारचीच बॅच घ्या, नाहीतर घेऊ नका.

पैशांचा हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या भागातला दर त्यात घाला. पाच मासिक दुकानं, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ९०,००० आणि १८० तास; तासाला ५००. तीच पाच दुकानं क्यूआरएमपीत १,००० रुपयांनी घेतली तर वर्षाला ६०,०००. प्रत्येक दुकानाला दर तिमाहीला पाच तास आणि चलनं मिळून वर्षाला ११० तास होतात, तासाला साधारण ५४५. बॅचमध्ये ७२ तास शिकवायचे आणि तासाला ४०० मिळाले तर २८,८००. पण पहिल्या वेळी उदाहरणं आणि सरावाची बिलं तयार करण्यात माझे चाळीस तास गेले, म्हणजे हातात तासाला २५७ च पडले. दुसऱ्या बॅचला तयारी दहा तासांवर आली आणि तोच आकडा ३५० च्या आसपास गेला. म्हणून एकच बॅच करून सोडणार असाल तर त्यात अर्थ नाही.

काहीही निवडलं तरी आधी नेमणूकपत्र काढून वाचा. "पूर्ण वेळ कंपनीसाठीच" किंवा "लेखी परवानगीशिवाय दुसरं काम नाही" असं वाक्य बहुतेक पत्रांत असतं. नोकरी चालू असताना असं बंधन टिकतं. १९६७ साली कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याची अट योग्य ठरवली होती. सरकारी नोकरीत असाल तर पूर्वपरवानगीचे नियम आणखी कडक आहेत. सीए असाल तर संस्थेचे नियम वेगळे लागतात, ते आधी बघा.

परवानगी मागताना बॅच पुढे करणं सोपं जातं. मी साहेबांना एवढंच लिहिलं होतं: "आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सातनंतर टॅली शिकवण्याची परवानगी हवी आहे. कंपनीचा वेळ, लॅपटॉप, सॉफ्टवेअर किंवा माहिती वापरणार नाही." दोन दिवसांत होकार आला. दुकानांसाठी विचारलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "यातला कुणी आपला सप्लायर आहे का?" प्रश्न रास्त होता. ज्याची बिलं तुम्ही दिवसा पास करता त्याचेच हिशेब रात्री लिहिणं हा नोकरी जाण्याचा सरळ रस्ता आहे. मी दुकानांची यादीच जोडली आणि नवीन नाव आलं की कळवत गेलो.

क्लासकडून मोबदला फी म्हणूनच घ्या. त्यांनी पगारपत्रकावर घेऊन पीएफ कापला तर तुमच्या यूएएनवर दुसरी नोकरी दिसते. ही मिळकत विवरणपत्रात दाखवावीच लागते आणि पगारदारांचा सोपा "सहज" फॉर्म मग चालत नाही.

माझा सल्ला विचाराल तर ज्याचं ऑफिस सहाला सुटतं त्याने बॅचपासून सुरुवात करावी आणि दुसऱ्या बॅचनंतर क्यूआरएमपीतली दोन दुकानं घ्यावीत, तीही जुलैच्या तिमाहीपासून. एप्रिलची २२ तारीख वर्षअखेरीच्या क्लोजिंगवर येते आणि पहिलंच रिटर्न त्या आठवड्यात भरू नये. दुकानदाराशी पहिल्या दिवशीच ठरवा की मुदतीच्या सात दिवस आधी बिलं हातात हवीत आणि ओटीपी रात्री आठनंतरच मागणार. जो हे मान्य करत नाही त्याचं काम मी घेत नाही.