कादंबरीचा ट्रेलर: आवाजावर चालवायचा की पाट्यांवर?

कादंबरी स्वखर्चाने छापली, तीनशे प्रती घरात येऊन पडल्या, आता ट्रेलर करायचाय. असे लेखक वर्षाला दोन-तीन तरी माझ्याकडे येतात. माझा मूळ धंदा लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचा, पण हे काम मी हौसेने करतो. येताना प्रत्येकाच्या हातात एक कागद असतो. त्यावर मलपृष्ठावरचाच मजकूर जरा नाट्यमय करून लिहिलेला असतो आणि वर ‘भारदस्त आवाजात’ अशी सूचना. तिथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो. गोष्ट निवेदनाने सांगायची, की आवाज काढून टाकून चित्र आणि टायटल कार्डावर, म्हणजे आमच्या भाषेत पाट्यांवर, चालवायची?

नुसतं बोलून हे कळत नाही. म्हणून एकच कादंबरी घेऊन दोन्ही स्क्रिप्ट लिहून दाखवतो. कादंबरी काल्पनिक आहे. नाव ‘रिकामी कांडी’. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूचा चादरीचा कारखाना, रात्रपाळी. राजेशम नावाचा विणकर पाळीवर गेला आणि सकाळी नव्हता. त्याचा माग मात्र चालू होता. यंत्रमागावर कांडीतलं सूत संपलं की माग थांबतो, कोणीतरी सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घालावी लागते. म्हणजे रात्रभर कोणीतरी कांड्या बदलत होतं. मागावरच्या चादरीत एक नाव विणलं जात होतं, ते अर्ध्या उंचीपर्यंतच आलेलं. गोष्ट सांगते राजेशमची बायको. तीच कारखान्यासाठी घरी कांड्या भरते.

आधी आवाजाची स्क्रिप्ट, सव्वा मिनिटाची.

०:००–०:०६ काळा पडदा. फक्त मागाचा खटका.
०:०६–०:१४ दाराच्या फटीतून ट्यूबलाइटचा उजेड. बाईचा आवाज: “कांडी संपली, की माग थांबतो. एवढं तर सोलापुरातल्या पोराला पण कळतं.”
०:१४–०:२६ दाराशी चपलांचा जोड. खिळ्याला अडकवलेला डबा. “राजेशम रात्री अकराला पाळीवर गेला. डबा न उघडता गेला कुठं, ते आजपर्यंत कळलं नाही.”
०:२६–०:४० रिकामा कारखाना, एकच माग चालू. “सकाळी सहाला दार उघडलं, तर सात नंबरचा माग चालूच. मग रात्रभर कांड्या बदलल्या कोणी?”
०:४०–०:५४ चादरीवर हळूहळू सरकणारा कॅमेरा. “आणि मागावरची चादर कुणाच्या ऑर्डरची नव्हती. तिच्यावर एक नाव होतं. अर्धंच.”
०:५४–०:५८ खटका अचानक बंद. काळा पडदा.
०:५८–१:०३ टायटल: रिकामी कांडी.
१:०३–१:०८ काळ्यावरच आवाज: “त्या रात्रीच्या कांड्या मीच भरल्या होत्या.”
१:०८–१:१५ मुखपृष्ठ, लेखकाचं नाव, पुस्तक कुठे मिळेल.

आता पाट्यांची, चाळीस सेकंदांची.

०:००–०:०४ चालू मागाचा क्लोजअप, धोटा इकडून तिकडे. पाटी: कांडी संपली की माग थांबतो.
०:०४–०:०६ नुसता माग.
०:०६–०:१० पाटी: रात्रभर कारखान्यात कोणी नव्हतं.
०:१०–०:१५ चपलांचा जोड, डबा.
०:१५–०:१८ पाटी: माग चालूच होता.
०:१८–०:२५ चादरीत नाव विणलं जातंय. अर्ध्या उंचीवर येऊन थांबतं.
०:२५–०:२७ खटका बंद. काळा पडदा.
०:२७–०:३१ टायटल: रिकामी कांडी.
०:३१–०:३६ बाईचा आवाज, खाली तीच अक्षरं: त्या रात्रीच्या कांड्या मीच भरल्या होत्या.
०:३६–०:४० मुखपृष्ठ.

पहिल्या स्क्रिप्टमधलं निवेदन मोजून बघा, जेमतेम छप्पन्न शब्द आहेत. याहून फार जास्त बसतही नाहीत. मराठी निवेदन ठाय लयीत बोललं की सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास जातं, आणि सव्वा मिनिटातला निम्मा वेळ मागाच्या खटक्याला, शांततेला आणि टायटलला द्यावा लागतो. मागे एका लेखकाने एकशेचाळीस शब्दांचं निवेदन आणलं होतं. म्हणजे सत्तर सेकंद श्वास न घेता बोलणं. ते आम्ही तसंच रेकॉर्ड केलं, कारण त्यांना एकही वाक्य सोडवेना. ऐकताना आकाशवाणीवरचं प्रादेशिक बातमीपत्र लागल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून मी आधी शब्द मोजतो, मग माइक लावतो.

पाट्यांना शब्द आणखी कमी लागतात, पण त्यांचं गणित वेगळं. आवाज चित्रावरून वाहत जातो, पाटी मात्र डोळ्याला थांबवते. पाटी वाचताना चित्र बघता येत नाही. म्हणून चाळीस सेकंदांत टायटल धरून चार-पाचच पाट्या, त्यापुढे ट्रेलरचं स्लाइड-शो होतं. पाटी किती वेळ ठेवायची याचा माझा हिशेब साधा आहे. ती एकदा मोठ्याने, घाई न करता वाचायची आणि वर एक सेकंद धरायचा. ‘कांडी संपली की माग थांबतो’ वाचायला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात, म्हणजे पाटी साडेतीन सेकंद. अक्षरं हळूहळू उजळणं आणि विझणं यात धरायचं नाही, कारण अर्धवट उजळलेलं अक्षर कोणी वाचत नाही. तो अर्धा सेकंद वेगळा, म्हणून वर चार लिहिलेत.

टायटलला मात्र दोन शब्द असले तरी चार सेकंदांखाली जायचं नाही. बाकीची वाक्यं निसटली तरी चालतं, पुस्तकाचं नाव निसटलं तर ट्रेलर कशाला केला? माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये टायटल दीड सेकंद होतं. फार झकास दिसायचं. बघून झाल्यावर लेखकाच्या मेहुण्यांनीच विचारलं, “छान आहे ओ, पण पुस्तकाचं नाव काय म्हणालात?”

निवडताना मी सगळ्यात आधी विचारतो, की हे पहिल्यांदा बघितलं जाणार कुठे. हुतात्मा स्मृतिमंदिरात प्रकाशन समारंभ आहे, दिवे मालवणार, स्पीकर चांगले, तर आवाजाची स्क्रिप्ट आडवी, १९२० बाय १०८० मध्ये करावी. अंधारात सहा सेकंद नुसता खटका ऐकवणं सभागृहात जमतं. मोबाईलवर तेच सहा सेकंद काळा पडदा म्हणजे लोकांना व्हिडिओ अडकलाय असं वाटतं आणि अंगठा पुढे सरकतो. बरेचजण तर आवाज बंद ठेवूनच बघतात, मग छप्पन्नच्या छप्पन्न शब्द वाया. म्हणून पाट्यांची स्क्रिप्ट उभी, १०८० बाय १९२०, आणि पहिल्या चार सेकंदांत प्रश्न उभा करणारी. पाटी पडद्याच्या मधल्या भागात ठेवा. रीलमध्ये खालच्या बाजूला मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, त्याखाली अक्षरं जातात. क्यूआर कोडचंही असंच. सभागृहात तो उपयोगी, पण ज्या मोबाईलवर ट्रेलर चालू आहे त्यानेच तो स्कॅन कसा करणार? तिथे दुवा व्हिडिओसोबतच्या मजकुरात द्यायचा.

दुसरा प्रश्न कादंबरीच्या पोटातला. तुमच्या गोष्टीचा गळ घटनेत आहे की बोलण्याच्या ढंगात? ‘रिकामी कांडी’त तो घटनेत आहे, थांबायला हवा होता तो माग थांबला नाही. ते तीन पाट्यांत सांगता येतं. पण कादंबरी जर सोलापुरी बोलीतल्या निवेदकाच्या जिवावर उभी असेल, ‘काय बे’ आणि अधूनमधून तेलुगू-कन्नड शब्द मिसळलेलं बोलणं हाच तिचा रस असेल, तर पाट्या तिला मारून टाकतात. तेव्हा आवाजच घ्या. मात्र भारदस्त नको. पुण्या-मुंबईच्या जाहिरातीतला आवाज सोलापूरच्या कांडीवालीच्या तोंडी घातला की पहिल्या वाक्यालाच खोटं कळतं. पूर्व भागातल्या एखाद्या बाईंना चार वेळा वाचायला लावा, तिसरं-चौथं वाचन बहुधा बरं येतं.

चित्रं दोन्ही स्क्रिप्टना तीच लागतात, तेव्हा त्यात तुलना नाही, फक्त एक सांगतो. इंटरनेटवरची फुकट क्लिप घेऊ नका. तिथे बहुतेक हातमाग मिळतो, आणि कथेत यंत्रमाग असताना हातमाग दाखवला तर हे शहर हसेल. ओळखीच्या कारखान्यात जाऊन मोबाईलवर घ्या. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटमुळे चित्र लुकलुकतं. मागाचा आवाज मात्र दाराबाहेरून वेगळा रेकॉर्ड करा, आतला मोबाईलच्या माइकला पेलवत नाही, फाटतो.

पाट्या निवडल्या तर एक खास देवनागरी दुखणं पदरात येतं. इंग्रजी ट्रेलरचं बघून अक्षरांमधलं अंतर ताणायची सगळ्यांना हौस असते. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते शोभतं. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘रिकामी’चे तीन तुकडे दिसतात. एकेक अक्षर टाइप होत जाणारं अ‍ॅनिमेशन तर त्याहून वाईट. त्यात ऱ्हस्व वेलांटी आधी लटकते, काना मागून येतो. प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` निवडायचं, मग ‘त्या रात्रीच्या’ नीट उमटतं. आणि पुस्तकाचं डीटीपी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झालेलं असेल तर तिथून मजकूर उचलून चिकटवू नका, गचाळ चिन्हं येतील. चार ओळी हाताने टाइप करणं सोपं.

‘रिकामी कांडी’साठी निवड करायची तर मी पाट्यांचीच करीन, आणि बाईचं ते एक वाक्य आवाजात ठेवीन. चाळीस सेकंदांत माणसाचा आवाज एकदाच येतो, तोही टायटल होऊन गेल्यावर, त्यामुळे तो लागतो. पहिल्या स्क्रिप्टमध्ये तेच वाक्य पन्नास शब्दांनंतर येतं, तोवर त्या आवाजाची सवय झालेली असते. सभागृहासाठी नंतर आवाजाचीही करता येईल, चित्रं तीच आहेत.

टायटल मात्र अक्षरामागून अक्षर आणणार नाही. चादरीत नाव विणताना ते अख्ख्या रुंदीत एकदम, धाग्यामागून धागा वर सरकत येतं. तसंच खालून वर उघडायचं, मागाच्या लयीत थोडं थोडं. शिरोरेषा आणि तिच्यावरच्या वेलांट्या शेवटी पुऱ्या होतात, तोवर प्रेक्षक अर्ध्या अक्षरांवरून नाव ओळखायचा प्रयत्न करत असतो. चार सेकंद मात्र टायटल पुरं झाल्यावर मोजायचे. म्हणजे उघडायला लागणारे दोन सेकंद आणखी धरा, आणि ट्रेलर बेचाळीस सेकंदांचा होईल.