एकच प्रोजेक्ट, दोन जागा: आधी लिंक्डइन की आधी गिटहब?

माझी भाची सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मला विचारलं, "मामा, प्रोजेक्ट झालाय. इंटर्नशिपसाठी लिंक्डइनवर टाकू की गिटहबवर?" मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि इंटर्नचे अर्ज माझ्याकडेही येतात, म्हणून आम्ही दोघांनी बसून दोन्ही करून पाहिलं.

प्रोजेक्ट चौघांचा होता. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीचा उद्याचा भाव सांगायचा. डेटा ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरचा: रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, क्विंटलमागे.

लिंक्डइनची जमेची बाजू म्हणजे ओळखीपलीकडची माणसं ते वाचतात. तुमच्या सीनिअरने लाईक केलं, की त्याच्या कंपनीतल्या लोकांनाही पोस्ट दिसू शकते. पण वाचणाऱ्याला आधी दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडायला टिचकी मारावी लागते. भाचीच्या पहिल्या मसुद्यात त्या तीन ओळी गाईड सरांच्या आणि टीमच्या आभारात गेल्या होत्या आणि हळद चौथ्या ओळीत आली होती. आभार मानावेतच, पण शेवटी. दुसरी अडचण अशी की पोस्ट काही दिवसांत खाली जाते. प्रोफाइलच्या Featured विभागात ती लावून ठेवली नाही, तर महिन्याभराने अर्ज बघणाऱ्याला सापडत नाही.

गिटहबचं उलटं आहे. तिथे सहसा कुणी सहज फिरकत नाही, पण ज्याला तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवायचंय, तो तिथेच जातो. निदान मी तरी आधी तेच उघडतो. भाचीच्या गिटहबवर एक झिप फाइल होती आणि `README.md` मध्ये एकच ओळ: 'हळद भाव अंदाज, अचूकता ९८ टक्के'.

त्या ९८ टक्क्यांपाशी मी थांबलो. भावाच्या अंदाजाला 'टक्के अचूक' म्हणत नाहीत. चूक किती रुपयांची, ते सांगतात. शिवाय इतका चांगला आकडा आला की चाचणीचा डेटा कसा निवडला हे बघायचं. त्यांनी सगळे दिवस पिसून त्यातले काही चाचणीला ठेवले होते. म्हणजे मंगळवारचा भाव ओळखायचा, आणि सोमवार-बुधवारचे भाव मॉडेलने आधीच पाहिलेले! `train_test_split` सांगितलं नाही तर पिसतंच. डेटा तारखेप्रमाणे लावून घेतला आणि ओळ अशी केली:

```python
train_test_split(X, y, test_size=0.2, shuffle=False)
```

आता चाचणीला फक्त शेवटचे दिवस आले. मॉडेलची सरासरी चूक क्विंटलमागे ३१० रुपये निघाली. 'काल होता तोच भाव आज' एवढंच धरलं तर चूक २८० रुपये. मॉडेल हरलं. भाचीचा चेहरा उतरला, पण मला तिथेच तिच्या प्रोजेक्टमध्ये लिहिण्यासारखं काहीतरी सापडलं.

हे सगळं `README.md` मध्ये गेलं: प्रश्न काय, डेटा कुठला, ९८ टक्के का चुकीचे होते, दोन्ही चुकांचे आकडे, आणि प्रोग्राम चालवायच्या दोन आज्ञा. एक परिच्छेद तिच्या वाट्याच्या कामाचा. चौघांचा प्रोजेक्ट असला की हा परिच्छेद हवाच, कारण एकाच प्रोजेक्टचे चार अर्ज एकाच टेबलावर आले तर कुणी काय केलं हे कळायला दुसरा मार्ग नसतो. तिने डेटा साफ केला होता. बाजार बंद असलेले दिवस, आणि एका दिवशी १३,५०० च्या जागी पडलेले १,३५०, हे तिनेच शोधलं होतं.

मग लिंक्डइनची पोस्ट सोपी झाली. तिने इंग्रजीत लिहिली. सुरुवात साधारण अशी: 'सांगलीच्या हळदीचा उद्याचा भाव सांगणारं मॉडेल आम्ही केलं. कालचाच भाव धरला तर चूक कमी येते. का, ते खाली.' खाली एक आलेख आणि गिटहबची लिंक.

म्हणून एकच रविवार हाताशी असेल, तर माझं मत गिटहबला. पोस्ट आधी टाकली आणि लिंकमागे झिप फाइल निघाली, तर आलेला माणूस परत येत नाही. मात्र काम कोडचं नसेल, म्हणजे मेकॅनिकलचं मॉडेल किंवा डिझाइन असेल, तर फोटो आणि ड्रॉइंगसकट लिंक्डइनच बरं. स्वतःची वेबसाइट करण्यात पहिल्या इंटर्नशिपआधी वेळ घालवू नका.

पोस्ट टाकल्यावर भाचीला पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. (माझ्या नव्हे, नात्यातला अर्ज मी बघत नाही.) त्यांनी मॉडेलबद्दल फारसं विचारलंच नाही. विचारलं, "ते १,३५० चूक आहे, खरंच भाव पडलेला नाही, हे कशावरून ठरवलंत?" तिने सांगितलं, आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचा भाव तेरा हजारांच्या वर होता, आणि त्याच दिवशीचा किमान भावसुद्धा १,३५० पेक्षा जास्त नोंदलेला होता. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र त्याच आठवड्यात आलं.