सिंगर १५केची बॉबिन केस: पत्र लिहून मागवली, सहा महिने वापरली

आमचं काळं सिंगर पायमशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. १५केमधला ‘के’ तिथला. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. मशीन उत्तम चालतं, पण बॉबिन केसचं बोट मुळापासून तुटलं. हे बोट खाचेत अडकून केसला जागच्या जागी धरतं. ते गेलं की केस शटलबरोबर फिरू पाहते आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो.

दुकानात ‘जुन्या सिंगरची केस द्या’ म्हटलं, तर बहुतेक वेळा बोट एक वाजण्याच्या दिशेला असलेली केस पुढे येते. आमच्या मशीनची खाच अकराकडे आहे. दोन्ही केस दिसायला जुळ्या, पण एकाची दुसऱ्याच्या जागी बसत नाही. त्यातून आमचं बोटच तुटलेलं, म्हणजे नमुना पाठवूनही दुकानदाराला दिशा कळली नसती. म्हणून परगावच्या एका सुट्या भागांच्या दुकानाला पत्र लिहिलं. त्यातला कामाचा भाग असा:

‘स.न.वि.वि. मशीन सिंगर १५के. शटल उभं, मशीनच्या डाव्या टोकाला. बॉबिन धातूची, दोन्ही बाजूंनी सपाट, व्यास सुमारे २० मिमी, उंची साडेअकराच्या आसपास. डाव्या टोकाकडून समोर बघितल्यावर केसचं बोट अडकण्याची खाच घड्याळातल्या अकराच्या जागी आहे. बोट तुटलेलं असल्याने दिशा केसवरून नव्हे, या खाचेवरून धरावी. केसची खिटी आणि ताणाची पट्टी शाबूत आहेत. ती सुटी नकोत, पूर्ण केस हवी. एकाकडे बोट असलेली केस असल्यास कृपया पाठवू नये.’

सोबत खाचेचा फोटो आणि तुटक्या केसचा मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला. दुकानदारांचा फोन आला, ‘ताई, अकराचीच ना?’ एवढंच विचारलं आणि केस पाठवली.

आता वापराबद्दल. केस पहिल्याच फटक्यात खट्‌कन बसली. बोटाच्या कडेला बारीक खरवड होती, दोरा तिथे अडायचा. बारीक पॉलिश पेपर फिरवल्यावर थांबलं. पत्रा मूळ केसपेक्षा हलका वाटतो. ताणाचा स्क्रू मात्र कुरकुर करतो, काही आठवड्यांनी आपोआप सैलावतो. बॉबिन भरलेली केस दोऱ्याने लटकवून हलका झटका देते. बोटभर खाली सरकून थांबली तर ताण बरोबर, सरसर घसरली तर स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी आवळते. सुती कापडाला हे पुरतं. जीनच्या जाड घडीवर अजून खालचा टाका कधीकधी ढिला पडतो, तेवढ्यापुरतं वरचं टेन्शन घट्ट करून भागवते.

पाचपैकी चार तारे. एक तारा स्क्रूसाठी कापला.