व्हीएस कोडची पिवळी चौकट आणि आपला 'ऱ्या': नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

परभणीच्या मोंढ्यातल्या तीन आडत दुकानांसाठी मी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहितो. एडिटर व्हीएस कोड, लॅपटॉप जुना, आणि पैसे मोजून एक्स्टेंशन घ्यायचं नाही हा माझा नियम. न दिसणारी अक्षरं दाखवण्याची सोय त्यात फुकटच आहे. हा अनुभव तेवढ्या सोयीचाच.

पहिले दोन महिने मी तिच्यावर बेहद्द खूश होतो. एका मित्रानं वर्ड फाइलमधून पायथॉनचं फंक्शन पाठवलं. चिकटवलं तर `invalid non-printable character U+00A0` अशी एरर आली. ओळ तर धुतल्या तांदळासारखी दिसत होती. एडिटरनं मात्र दोन शब्दांमधल्या जागेभोवती पिवळी चौकट काढली होती. साध्या स्पेसऐवजी तिथं वर्डची न तुटणारी स्पेस बसली होती. ती खोडून स्पेसबार दाबला, काम झालं. त्याच दिवशी सेटिंगमध्ये हे टाकलं, ते आजतागायत आहे:

```json
"editor.renderWhitespace": "all"
```

प्रत्येक स्पेसच्या जागी फिकट ठिपका दिसतो. ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस लगेच डोळ्यांत भरते. चार दिवस ठिपके खुपतात, मग सवय होते.

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला आणि माझं मत बदललं. मोंढ्यातून काकांचा फोन आला, "भाऊ, नवा मुनीम आल्यापासून एक पट्टी निघंना. माणसं दारात बसलीत." मुनिमानं एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही मागवली. एरर होती `KeyError: 'शेतकऱ्याचे नाव'`. कोडमध्येही 'शेतकऱ्याचे नाव', फाइलच्या पहिल्या ओळीतही 'शेतकऱ्याचे नाव'. दोन्ही फाइली शेजारी उघडल्या. ठिपका एकच, तोही योग्य जागी. पिवळी चौकट कुठेच नाही. एडिटर गप्प आहे म्हणजे अक्षरं बरोबर आहेत असं धरून मी तीन तास फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत बसलो.

शेवटी दोन्ही शब्द `ascii()` मधून छापले. त्यातला फक्त 'ऱ्या' एवढा तुकडा असा निघाला:

```
'\u0931\u094d\u092f\u093e'
'\u0930\u094d\u200d\u092f\u093e'
```

वरचा माझा, खालचा मुनिमाचा. मी खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतो. त्याच्या कीबोर्डवरून साधा 'र', हलन्त आणि मग `U+200D` हे न दिसणारं 'झीरो विड्थ जॉइनर' अक्षर येतं. युनिकोडमध्ये दोन्ही रीती चालतात, पडद्यावर आकार एकच दिसतो, पण पायथॉनसाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. `unicodedata.normalize` चा NFC चालवला तरी ते एक होत नाहीत.

माझी तक्रार इथेच आहे. शब्द निखळ देवनागरी असला की एडिटर त्यातलं `U+200D` सोडून देतो. इंग्रजी नावात तेच अक्षर घुसलं तर चौकट येते. आधी मला याचा फार राग आला. नंतर माझी जुनी भाषांतरं असलेली फाइल उघडून बघितली, तर शेकडो ठिकाणी हे अक्षर होतं आणि प्रत्येक ठिकाणी बरोबरच होतं. सगळीकडे चौकटी आल्या असत्या तर मी पहिल्याच दिवशी ती सोय बंद केली असती. ही सोय २०२१ मध्ये, 'ट्रोजन सोर्स' प्रकरणानंतर आली. कोडमध्ये लपवलेली फसवी अक्षरं पकडणं हे तिचं काम. मराठी लिहिण्याच्या दोन रीती जुळवणं तिच्या कक्षेत नाही, हे मला आता पटतं. तरी मराठी मजकुरासाठी वेगळा पर्याय हवाच, या मतावर मी ठाम आहे.

तोवर मी दोन गोष्टी करतो. एडिटरच्या शोधात रेजेक्सचं बटण दाबून `\u200d` शोधतो, म्हणजे जागा तरी कळतात. आणि बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर, म्हणजे कॉलमची नावंही आणि आतली माणसांची, गावांची नावंही, आधी यातून काढतो:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

नुसतं `\u200d` उडवायला जाऊ नका. मी घाईत आधी तेच केलं होतं. त्यानं 'आचार्य'सारखा रफार चढला आणि अकरा पट्ट्यांवर 'शेतकर्याचे' छापून गेलं. काकांनी पट्टी दिव्याखाली धरून विचारलं, "हे काय लिहिलंय?" अकराही पट्ट्या परत छापून दिल्या, कागद माझा.

इंग्रजी कोडसाठी चौकटीला पाचपैकी पाच. मराठी डेटासाठी दोन, कारण तिथं चौकट आली नाही म्हणून अक्षर बरोबर आहे असं धरता येत नाही. नवा मुनीम आता माझाच कीबोर्ड वापरतो. वरची ओळ मात्र मी काढलेली नाही, कारण मागच्या हंगामाच्या फाइली अजून त्याच जुन्या 'र'मध्ये आहेत.