एक्झिट टिकिट सात-आठ महिने वापरल्यावरचा अनुभव (सहावी, गणित)

जूनपासून वापरतेय, आता फेब्रुवारी लागला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर एकतर फार कौतुक केलं असतं नाहीतर शिव्या घातल्या असत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तास संपायच्या चार-पाच मिनिटं आधी मुलांना एकच प्रश्न द्यायचा, त्या दिवसाच्या एकाच मुद्द्यावरचा, उत्तर चिठ्ठीवर लिहून दारात माझ्या हातात देऊन बाहेर पडायचं. मार्क नाहीत. ती चिठ्ठी म्हणजे एक्झिट टिकिट. ट्रेनिंगला ऐकलं तेव्हा वाटलं हे तर आपण करतोच की, शेवटी "समजलं का रे?" विचारतो, आणि सगळे "होऽऽ" म्हणतात. त्या "हो"वर मी अकरा वर्षं तास संपवले.

सामान काही लागत नाही. ऑफिसमध्ये जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद पडलेले असतात, एका कागदाच्या चार चिठ्ठ्या होतात. वर्गात 46 मुलं, म्हणजे बारा कागद. शनिवारी दोन मुलं हौसेने फाडून देतात, आठवड्याचा साठा तयार. नाव लिहायला लावू नका, वेळ जातो, फक्त हजेरी नंबर.

पहिला महिना जवळजवळ वाया गेला. तीन-तीन प्रश्न द्यायचे मी, त्यात एक "आज काय शिकलात" असा. त्याचं उत्तर 46 चिठ्ठ्यांवर एकच, "दशांश अपूर्णांक शिकलो". बरोबरच आहे त्यांचं, फळ्यावर वर तेच लिहिलेलं होतं. आणि तीन प्रश्न म्हणजे घंटा वाजली तरी अर्धी मुलं लिहितायत, पुढच्या तासाचे सर दारात उभे. मग पाच मार्कांचं करून बघितलं, म्हटलं गांभीर्य येईल, तर कॉपी सुरू झाली. एका बाकावरच्या तिघांची चूक अगदी अक्षरासकट सारखी. मार्क काढले, कॉपी बरीच कमी झाली.

खरा फरक पडला तो प्रश्न कसा काढायचा हे कळल्यावर, आणि ते मला दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवताना कळलं. ते जरा सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं त्यातच आलं.

त्या दिवशीचा मुद्दा एवढाच की दशांश चिन्हानंतर किती आकडे आहेत यावरून संख्या लहान-मोठी ठरत नाही, आधी दशांशाच्या घरातला अंक बघायचा. आधीच्या वर्षी मी असा प्रश्न विचारला असता, "0.47 आणि 0.3 यात मोठी कोणती?" सगळे 0.47 म्हणाले असते आणि मी खूश. पण ज्याला वाटतं जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या, तोही 0.47च म्हणणार. 47 मोठे, 3 लहान, विषय संपला. म्हणजे चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर, आणि मला पत्ताच नाही. असले प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारलेत!

यात आपल्या वाचण्याचाही हात आहे असं माझं ठाम मत आहे. "शून्य पॉइंट पस्तीस" आणि "शून्य पॉइंट चार" म्हटलं की कानाला पस्तीस आणि चार ऐकू येतात. "तीन पाच" असं सुटं वाचलं तर निदान तेवढं तरी टळतं. मी आता वर्गात तसंच वाचते, पण घरून, दुकानातून पोरं पस्तीसच घेऊन येतात.

तर प्रश्न असा केला: 0.4, 0.62, 0.125 यातली सगळ्यात मोठी संख्या कोणती, आणि खाली एका ओळीत का ते लिहा. जास्त आकडे म्हणजे मोठी असं मानणारा 0.125 निवडणार. याच्या उलटी चूक करणारी मुलंही असतात, त्यांनी ऐकलेलं असतं की शतांश, सहस्रांश म्हणजे बारीक बारीक तुकडे, मग त्यांना कमी आकड्यांची संख्या मोठी वाटते, ते 0.4 धरणार. बरोबर उत्तर 0.62. म्हणजे प्रत्येक उत्तरामागे एक वेगळं डोकं. चुकीचे पर्याय असे मुद्दाम निवडले नाहीत तर चिठ्ठीवरून फक्त चूक-बरोबर कळतं, का चुकलं ते नाही.

त्या दिवशी हजर 43. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता तीन गठ्ठे केले, सात मिनिटं लागली. 0.62 वाले 24, 0.125 वाले 13, 0.4 वाले 6. वह्या तपासल्यासारखं लाल पेन घेऊन बसायचं नाही, नुसते गठ्ठे करायचे, ही सवय लागायला मला महिना गेला.

आता 24 बरोबर म्हणून मी जवळजवळ निश्चिंत झाले होते, पण कारणाची ओळ वाचली तर त्यातल्या सात जणांनी लिहिलं होतं "62 पैसे जास्त". पैशांत विचार करणं वाईट नाही, पण याच पोरांना 0.4 म्हणजे 4 पैसे वाटत होते (40 नाही), आणि 0.125 हे पैशात बसतच नाही म्हणून त्यांनी ते सोडूनच दिलं होतं. उत्तर बरोबर, समज चूक. म्हणजे माझा एवढा विचार करून काढलेला प्रश्नसुद्धा गळका निघाला. ती एक ओळ लिहायला लावली नसती तर ही सात पोरं सुटली असती.

दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून शिकवलं नाही. आलेख कागदावर 10 बाय 10 चा चौकोन, 0.4 रंगवा म्हटलं. पैसेवाल्यांनी आणि 0.125 वाल्यांपैकी बऱ्याच जणांनी चारच घरं रंगवली. मग शेजारच्याने एक उभी पट्टी म्हणजे एक दशांश असं धरून चार पट्ट्या, म्हणजे 40 घरं रंगवलेली दाखवली, आणि तिथे वर्गात जी भांडणं झाली ती ऐकण्यासारखी होती. 0.35 साठी तीन पट्ट्या आणि वर पाच घरं. 0.125 ला बारा घरं आणि अर्धं. साडेबारा घरांवर आल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढा मोठा नंबर आणि एवढंच?" यावर मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

त्या दिवशीच्या चिठ्ठीवर मग एकाऐवजी दोन जोड्या दिल्या, मोठ्या संख्येला गोल करा, बस:

0.4 आणि 0.35
0.3 आणि 0.48

यातली गंमत अशी की जास्त आकडेवाला पहिल्या जोडीत चुकतो आणि दुसरीत बरोबर येतो, कमी आकडेवाला बरोबर याच्या उलट. 4 पैसेवाला पहिल्यातच पकडला जातो. नुसती एक जोडी दिली तर कुठलातरी एक गट आपल्या चुकीच्या नियमावरच पास होतो. दोन्ही बरोबर आल्या तरच मी बरोबर धरते, तरी नुसत्या अंदाजाने गोल करणारा चारात एकदा सुटू शकतोच, ते लक्षात ठेवायचं. 43 पैकी 36 जणांच्या दोन्ही बरोबर. उरलेल्या सातांना परिपाठानंतर दहा मिनिटं बसवलं, चौकोन घेऊन.

इथपर्यंत वाचून वाटेल फारच छान. आता न आवडलेलं.

ही चिठ्ठी फक्त त्या मिनिटाचं सांगते. नुकतंच शिकवलंय, चौकोन अजून फळ्यावर आहे, बरोबर येणारच. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच दोन जोड्या आकडे बदलून न सांगता दिल्या, 0.6 आणि 0.52, 0.2 आणि 0.37. आधीच्या 36 पैकी 9 जण परत जुन्या नियमावर गेले होते, आणि तेही त्याच जुन्या नियमावर, नवीन चूक नाही. तेव्हापासून टिकिट बरोबर आलं म्हणजे मुद्दा झाला असं समजणं सोडलं, दोन-तीन आठवड्यांनी तेच परत विचारते.

दुसरं, रोज जमत नाही. 35 मिनिटांच्या तासात पाच मिनिटं ही चैन आहे, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या तासाला तर करूच नका, खिचडीचा वास आला की उत्तरं दोन शब्दांत येतात. मी आठवड्यातून दोनदा करते, तेही दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर गणिताचा तास असेल तरच. चिठ्ठ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून काहीच बदललं नाही तर मुलांच्या लगेच लक्षात येतं, मग तीही कसंतरी लिहून देतात. ऑगस्टमध्ये माझं हेच झालं, बीएलओच्या कामात अडकले, तीन गठ्ठे न बघता कपाटात.

तिसरं, कागदपत्रं. वरून विचारणा झाली की हे आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत दाखवा, चिठ्ठ्या फाइलला लावा. लावल्या चार दिवस. मग बंद केलं. गठ्ठे करून दुसऱ्या दिवसाचं ठरलं की त्या चिठ्ठीचं काम संपलं, मी वहीत तारीख, प्रश्न आणि तीन आकडे एवढंच लिहिते. त्या एका ओळीवरून पुढच्या वर्षीचा प्रश्न काढता येतो, 46 चिठ्ठ्यांच्या फाइलवरून काही येत नाही.

सगळ्या विषयांत चालतं का, तर आमच्या विज्ञानाच्या सरांचं छान चाललंय, "पाणी उकळत असताना येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं: हवा, वाफ की ऑक्सिजन" हा त्यांचा प्रश्न मी चोरून सातवीला विचारला, बहुतेकांनी हवा लिहिलं. मराठीच्या बाईंनी मात्र दोन आठवड्यांत सोडलं, कवितेचा एकच मुद्दा काढून त्यावर चिठ्ठी घेणं त्यांना पटेना, आणि मलाही ते पटलं.

एक किस्सा राहिला. पहिल्या दिवशीच्या 0.4 वाल्या सहा जणांना मी सरसकट "कमी आकडे म्हणजे मोठी" या खात्यात टाकलं होतं. त्यातला एक जण दिवाळीनंतरही दुसरी जोडी चुकला. शेवटी पहिल्या दिवसाची त्याची चिठ्ठी शोधून कारणाची ओळ नीट वाचली. अक्षर इतकं वाईट की तेव्हा मी सोडून दिली होती. लिहिलं होतं, "0.6 झालं की 1 होतं म्हणून 0.62 नसतं". त्याला बोलावून विचारलं तर म्हणाला, बाई ओव्हर सहा बॉलचीच असते ना. तो पोरगा चार महिने ओव्हर मोजत होता आणि मी त्याला चौकोन रंगवायला देत होते.