भीती निर्देशांक उसळला म्हणून सोनं घ्यायचं का? लग्नाचं सोनं आणि शेअरवाल्याचं सोनं

दिवाळीच्या आधी सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि लातूर-नांदेडकडच्या घराघरांत सोन्याचा विषय निघतो. अलीकडे त्यात एक नवीन आवाज मिसळलाय. घरातला एखादा पोरगा मोबाईलवर ‘INDIA VIX’, म्हणजे शेअर बाजाराचा भीती निर्देशांक, दाखवतो आणि म्हणतो, “बाबा, बाजारात घबराट वाढलीय, आता सोनं वाढणार, आजच घेऊन टाकू.” हा सल्ला ऐकावा की नाही, याचं उत्तर सोनं कशासाठी घ्यायचंय यावर ठरतं. म्हणून इथे दोन घरं शेजारी ठेवून बघू. एका घरात फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे आणि तीन तोळ्यांचं गंठण करायचंय. दुसऱ्या घरात नोकरदार माणूस आहे, त्याची म्युच्युअल फंडात एसआयपी चालते आणि शेअर पडले तर आधार म्हणून थोडं सोनं हवंय.

आधी तो आकडा काय सांगतो ते बघू. राष्ट्रीय शेअर बाजार हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या, भावांवरून काढतो. पुढच्या 30 दिवसांत निफ्टी किती हेलकावे खाईल याचा बाजाराने बांधलेला तो अंदाज असतो, पण वार्षिक टक्क्यांत मांडलेला. आकडा 24 असेल तर त्याला 12 च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण 3.46 ने भागायचं. उत्तर येतं सुमारे 7. म्हणजे महिनाभरात निफ्टी 7 टक्के वर किंवा 7 टक्के खाली, या पट्ट्यात राहण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात दोन. ‘वर किंवा खाली’ हे लक्षात ठेवा, कारण हा आकडा दिशा सांगत नाही. सोन्याचा तर त्यात कुठेच संबंध नाही. सोन्याचा भाव, आयात शुल्क, रुपया, पाऊस, लग्नतिथी यातलं काहीही त्या गणितात शिरत नाही.

तरीही दोन्ही जोडले जातात, कारण घाबरलेला पैसा सोन्याकडे वळतो ही गोष्ट खोटी नाही. फक्त तो लगेच वळत नाही आणि सगळ्यांचा वळत नाही. मार्च 2020 इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही. 23 मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला आणि त्या आठवड्यात भीती निर्देशांक 80 च्या पार गेला. सोनं त्याआधीच गडगडलं होतं. 9 मार्चच्या सुमारास औंसाला 1,680 डॉलरजवळ असलेला भाव दहा-बारा दिवसांत 1,500 च्या खाली आला. कर्जाऊ पैशावर सौदे करणाऱ्या मोठ्या फंडांना तोटा भरण्यासाठी तातडीने रोकड लागत होती. पडलेले शेअर विकून ती मिळेना, म्हणून जे पटकन विकलं जातं ते त्यांनी विकलं, आणि ते होतं सोनं. 2008 च्या शरद ऋतूतही असंच घडलं होतं. पुढे व्याजदर खाली आले, सरकारांनी पैसा ओतला आणि ऑगस्ट 2020 मध्ये सोनं 2,000 डॉलरच्या वर गेलं. तोवर भीती निर्देशांक बराच खाली उतरला होता.

आता आपल्याकडची मागणी बघा. 25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. सराफ्याची शटर बंद. महिन्याभराने अक्षय तृतीयाही तशीच गेली. जागतिक सुवर्ण परिषदेच्या आकड्यांनुसार एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत भारताची सोन्याची मागणी जेमतेम 64 टन होती, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 70 टक्के कमी. त्याच वर्षी जगभरात सोन्याच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणाऱ्या सोन्याच्या फंडांत, विक्रमी खरेदी झाली. म्हणजे भीती एकच होती, पण न्यूयॉर्कमधला गुंतवणूकदार सोनं घेत होता आणि आपल्याकडे दागिन्यांची मागणी आटली होती. दुकानं बंद होती हे एक कारण, पण एकमेव नाही. भाव चढलेला, कमाई थांबलेली आणि लग्नं पुढे ढकललेली. अडचणीच्या काळात आपल्याकडे सोनं विकत घेण्यापेक्षा तारण ठेवण्याकडे किंवा मोडीत देण्याकडे कल असतो.

उलटं चित्र 2024 मध्ये दिसलं. 4 जूनला लोकसभेच्या निकालादिवशी भीती निर्देशांक दिवसभरात 30 च्या वर गेला आणि दुसऱ्याच दिवशी 20 च्या खाली आला. अशा उसळीमागे धावून सराफाकडे पोचेपर्यंत भीती संपलेली असते. पुढे 23 जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. तोळ्यामागे चारेक हजार रुपये उतरले आणि खरेदीला जोर आला. जुलै ते सप्टेंबरची भारताची मागणी आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा साधारण 18 टक्के जास्त निघाली. तेव्हा शेअर बाजार विक्रमी उंचीच्या आसपास होता. ग्राहक आला तो भाव उतरला म्हणून.

मग गंठणवाल्या घराने काय करावं? हिशोबासाठी दागिन्याच्या सोन्याचा भाव तोळ्याला 1 लाख धरा. तीन तोळ्यांचे 3 लाख. घडणावळ 12 टक्के धरली तर 36 हजार. एकूणावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 10,080. बिल होतं 3,46,080 रुपये. तेच गंठण दुसऱ्या दिवशी मोडीत दिलं तर सोन्याचे 3 लाखच धरले जातात, त्यातूनही घट कापली जाते. म्हणजे भाव 15 टक्क्यांहून जास्त चढल्याशिवाय मुद्दलही निघत नाही. भीतीच्या उसळीवर कमाई करायला दागिना हे साधनच नव्हे. इथे पैसे वाचतात ते घडणावळीत घासाघीस करून, आणि दोन-तीन टप्प्यांत थोडं थोडं घेऊन. या घरासाठी निफ्टीच्या ऑप्शनपेक्षा लातूरच्या आडतीतला सोयाबीनचा भाव जास्त महत्त्वाचा आहे. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्यापेक्षा बरंच कमी मिळत होतं. तीन तोळ्यांचे दोन तोळे होतात ते अशा वर्षी, मग भीती निर्देशांक 12 असो की 30.

एसआयपीवाल्या घराचं गणित वेगळं. त्याच्यासाठी ईटीएफ बरा. डीमॅट खातं लागतं आणि थोडा वार्षिक खर्च असतो, पण घडणावळ नाही आणि विकताना घट नाही. त्याला भीती निर्देशांक बघण्यात थोडा अर्थ आहे, पण खरेदीचा इशारा म्हणून नाही. शेअर घसरतात तेव्हा आधार व्हावा असं वाटत असेल तर सोनं शांत दिवसांतच घेऊन ठेवायला हवं. एकूण गुंतवणुकीचा दहावा हिस्सा ठरवावा आणि दरमहा एसआयपीच्या तारखेलाच तेवढा ईटीएफ घ्यावा. उसळीच्या दिवशी त्याने फक्त वाटा तपासायचा. शेअर पडून सोन्याचा वाटा 10 वरून 14 टक्क्यांवर गेला असेल, तर वरचं सोनं विकून पडलेल्या भावात फंडाचे युनिट वाढवायचे. म्हणजे ज्या दिवशी मोबाईल बघून पोरगा “आजच सोनं घेऊ” म्हणतो, त्या दिवशी हे घर सोनं घेण्याऐवजी विकण्याच्या बाजूला असू शकतं.